घटक ७ : ध्वनिसंदेशाच्या उताऱ्यावरून वरिष्ठांना ई-मेल

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• विस्कळीत बोलण्याच्या उताऱ्यातून वरिष्ठांना हवी असलेली माहिती वेगळी काढणे.
• बोलणाऱ्याने पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने मांडलेले यांतील भेद लेखनात टिकवणे.
• बोलण्यात दडलेली विनंती आदरपूर्वक आणि स्पष्ट शब्दांत मांडणे.

७.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन पत्राची अंगे पाहिली. त्या घटकात पत्राचा मजकूर लेखकाजवळ तयार आहे असे आपण गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कार्यालयात पुष्कळदा मजकूर बोललेल्या रूपात येतो. क्षेत्रावर काम करणारा कर्मचारी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवतो आणि कार्यालयातील सहकाऱ्याने तिच्यावरून वरिष्ठांना ई-मेल करावा असे सुचवतो. ऐकलेले शब्द आधी कागदावर उतरवले जातात आणि त्या उताऱ्याचा मग ई-मेल होतो.

हे काम म्हणजे ‘फापटपसारा काढून टाकणे’ असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. बोलण्यातील प्रत्येक शब्द फापटपसारा नसतो. ‘म्हणे’, ‘बहुतेक’, ‘पन्नासेक’ असे लहान शब्द वरवर निरुपयोगी दिसतात, परंतु बोलणारा एखादी गोष्ट किती खात्रीने सांगत आहे हे तेच दाखवतात. ते गाळले की वाक्य आटोपशीर होते, आणि त्याच वेळी ऐकीव गोष्टीचे वस्तुस्थितीत रूपांतर होते. वरिष्ठ अधिकारी त्या वाक्यावर विसंबून निर्णय घेतो. म्हणून संक्षेप करताना खात्रीची मात्रा बदलू न देणे, हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ प्रसंग आणि मूळ उतारा

उदाहरण वर्धा जिल्ह्यातील एका बाजार समितीच्या कापूस यार्डातले आहे. प्रसंग आणि उतारा दोन्ही अभ्यासासाठी रचलेले आहेत. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हमीभावाने कापूस खरेदी करताना त्यातील ओलावा पाहिला जातो. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्के असल्यास त्या प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतला जात नाही. आपल्या उदाहरणात खरेदीपूर्वी समितीच्या यार्डात ओलावामापकावर प्राथमिक तपासणी होते, असे धरले आहे. म्हणजे मापकावरील एका आकड्याने शेतकऱ्याची गाडी आत जाते किंवा परत फिरते.

यार्डातील पर्यवेक्षकाने कार्यालयातील लिपिक महिलेला व्हॉइस नोट पाठवली. तिने केलेला उतारा असा :

“ताई नमस्कार, साहेबाले फोन लावला होता मी पण लागला नाही, तं तुम्हीच तेवढा मेल करून द्या. त्याचं असं झालं का सकाळपासून गाड्या येऊन राह्यल्या, आज गर्दी लय आहे, पन्नासेक तं असतीलच, आता दोन वाजता मोजल्या तं बेचाळीस उभ्या होत्या. आन् आपलं ते ओलावा पाहाचं मशीन आहे नं, दोन आहेत नं आपल्यापाशी, त्यातलं जुनं काहीतरीच दाखवून राह्यलं. एका शेतकऱ्याचा कापूस त्याच्यावर चौदा दाखवला, तोच ढीग नव्यावर लावला तं साडेअकरा. तो चिडला नं ताई, बराबर आहे त्याचं. मंग मी अजून तीन ढिगांवर लावून पाह्यलं, तिन्हीवर जुनं जास्तच दाखवते, दोन-अडीचनं. बॅटरी बदलून पाह्यली, काही फरक नाही. मापाडी म्हणे का ते दिवाळीपासूनच बिघडलं आहे, मले काही माहीत नव्हतं. कॅलिब्रेशन झालं नसन बहुतेक. मी बारा वाजतापासून ते बंद करून ठेवलं. आता एकावरच चालू आहे तं रांग सरकत नाही. संध्याकाळपर्यंत झालं नाही तं रस्ता अडवणार म्हणे, कोण म्हटलं ते काही समजलं नाही. बाजूच्या समितीपाशी एखादं मशीन असलं आन् साहेबानं फोन केला तं बरं होईन. नाही तं रात्री या गाड्या कुठं ठेवाच्या, दव पडते नं, कापूस अजून ओला होते. आन् हो, सकाळी जुन्या मशीनवर बाराच्या वर गेल्या म्हणून साठ गाड्या परत केल्या, त्यायचं काय ते पण पाहा लागन.”

७.३.२ उतारा नीट वाचणे

लेखनाला हात घालण्यापूर्वी उतारा अचूक आहे ना, हे पाहिले पाहिजे. येथे तीन ठिकाणी थांबावे लागते.

पहिले ठिकाण बोलीचे. वर्धा परिसरातील बोलीत ‘असं झालं का’ यातील ‘का’ प्रश्नार्थक नाही. तो प्रमाण मराठीतील ‘की’ आहे. ‘बरं होईन’ म्हणजे ‘बरे होईल’. प्रमाण भाषेत ‘होईन’ हे प्रथमपुरुषी रूप आहे, म्हणून वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. ‘नसन’ म्हणजे ‘नसेल’, आणि ‘येऊन राह्यल्या’ म्हणजे ‘येत आहेत’. ही रूपे अशुद्ध नाहीत. त्या बोलीच्या व्याकरणानुसार ती नियमित आहेत. मात्र ई-मेल पुढे ही बोली न बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडेही जाऊ शकतो, म्हणून त्यात प्रमाण रूपे वापरायची.

दुसरे ठिकाण संख्येचे. दुपारी दोनला रांगेत बेचाळीस गाड्या असलेल्या यार्डातून सकाळच्या काही तासांत साठ गाड्या परत गेल्या असतील का? शंका यावी असाच हा आकडा आहे. ‘सात’ आणि ‘साठ’ या शब्दांत केवळ शेवटच्या व्यंजनाचा भेद आहे आणि मोबाइलच्या ध्वनिमुद्रणात तो सहज हरवतो. अशा वेळी मूळ ध्वनी पुन्हा ऐकावा आणि आकडा एखाद्या नोंदीशी ताडून पाहावा. फाटकावरील नोंदवहीत परत गेलेल्या गाड्या सात निघाल्या. ‘साडेअकरा’ हा शब्दही असाच सांभाळायचा. वेळ सांगताना साडेअकरा म्हणजे ११.३०, परंतु टक्केवारीत ते ११.५ लिहायचे.

तिसरे ठिकाण काळाचे. ‘आज’, ‘आता’, ‘सकाळी’ हे शब्द बोलण्याच्या क्षणाशी बांधलेले असतात. ई-मेल दुसऱ्या दिवशी वाचला गेला किंवा सहा महिन्यांनी धारिकेतून काढला गेला, तर त्यांचा अर्थ उरत नाही. म्हणून तेथे दिनांक आणि वेळ घालावी.

७.३.३ खात्रीच्या पायऱ्या

आता उताऱ्यातील विधाने चार गटांत लावू.

प्रत्यक्ष पाहिलेले किंवा केलेले : दोन वाजता बेचाळीस गाड्या मोजल्या. एकाच ढिगाचे वाचन एका मापकावर १४, दुसऱ्यावर ११.५ आले. आणखी तीन ढिगांवर असाच फरक दिसला. बॅटरी बदलली. जुना मापक बाराला बंद केला. सकाळी सात गाड्या परत केल्या.

ऐकलेले : मापक दिवाळीपासून बिघडला आहे. रस्ता अडवला जाणार आहे.

तर्काने मांडलेले : गाड्या ‘पन्नासेक’ असतील. कॅलिब्रेशन झाले नसेल. आणि जुना मापकच चुकीचा आहे.

मागितलेले : दुसऱ्या समितीकडून मापक मिळावा. रात्री गाड्यांचे काय करायचे ते कळावे.

या मांडणीत ‘म्हणे’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. उताऱ्यात तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचे काम वेगळे आहे. ‘मापाडी म्हणे का’ येथे तो क्रियापद आहे. बोलणारी व्यक्ती ठाऊक आहे आणि तिला पुन्हा विचारता येते. ‘रस्ता अडवणार म्हणे’ येथे तो अव्ययासारखा गोठलेला आहे. कोणीतरी असे बोलले, पण कोण ते माहीत नाही, एवढेच तो सांगतो. पहिल्याचे लेखी रूप ‘मापाडी यांच्या म्हणण्यानुसार’ असे होईल. दुसऱ्याचे ‘अशी चर्चा ऐकू आली, तिचा उगम समजलेला नाही’ असे होईल. दोन्हींसाठी सरसकट ‘असे समजते’ लिहिले, तर हा फरक पुसला जातो.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. ‘जुनं काहीतरीच दाखवून राह्यलं’ हे पर्यवेक्षक ठामपणे सांगतो, त्यामुळे ते पाहिलेल्या गोष्टीसारखे वाटते. त्याने प्रत्यक्षात पाहिले ते इतकेच, की दोन मापकांची वाचने जुळत नाहीत. जुना मापक जास्त दाखवत असेल किंवा नवा कमी दाखवत असेल. दोन घड्याळे वेगळी वेळ दाखवू लागली, तर कोणते बरोबर हे त्या दोघांकडे पाहून ठरत नाही. तिसऱ्याची गरज लागते. म्हणून ई-मेलमध्ये ‘जुना मापक बिघडला आहे’ असे न लिहिता ‘दोन मापकांच्या वाचनांत तफावत आहे’ असे लिहायचे. तिसरा मापक कशासाठी हवा, हेही त्यातून आपोआप स्पष्ट होते. तो रांग लवकर सरकावी म्हणून उपयोगी आहेच, पण त्याआधी पडताळणीसाठी हवा आहे.

‘पन्नासेक’ मधील ‘-एक’ हा प्रत्यय अंदाज दाखवतो. त्याच माणसाने नंतर मोजून बेचाळीस सांगितले आहेत. अंदाज आणि मोजणी दोन्ही उपलब्ध असतील, तर मोजणी घ्यावी आणि तिची वेळ द्यावी.

७.३.४ बोलणाऱ्याला परत विचारणे

उताऱ्याच्या अगदी शेवटी, ‘आन् हो’ म्हणून, सात गाड्यांचा उल्लेख येतो. बोलण्यात आठवेल तसे सांगितले जाते, त्यामुळे सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी येणे नवलाचे नाही. तफावत दोन ते अडीचची असेल आणि जुना मापक जास्त दाखवत असेल, तर त्या सात गाड्यांपैकी काहींचा कापूस १२ टक्क्यांच्या आत असू शकतो. म्हणजे काही शेतकरी विनाकारण परत गेले असण्याची शक्यता आहे. सचिवांना हे प्रथम कळायला हवे.

परंतु त्या गाड्यांचे काय करावे, हे पर्यवेक्षकाने सांगितलेले नाही. ‘पाहा लागन’ एवढेच म्हटले आहे. लेखनिकाने आपल्या मनाने विनंती तयार करू नये. फोन करून तीन प्रश्न विचारावेत : सात गाड्यांबाबत आपण काय सुचवता? रात्रीसाठी कोणती जागा उपलब्ध आहे? निर्णय किती वाजेपर्यंत हवा? उत्तरे अशी मिळाली : फेरतपासणी करावी, लिलावाच्या शेडमध्ये जागा आहे, पाचपर्यंत कळले तर सोय करता येईल.

७.३.५ विनंतीचे रूप आणि मजकुराचा क्रम

‘साहेबानं फोन केला तं बरं होईन’ ही विनंतीच आहे. वरिष्ठांना थेट सांगणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून बोलणाऱ्याने ती संकेतार्थात गुंडाळली आहे. जसेच्या तसे लिहिले तर वाचणाऱ्याला ती इच्छा वाटेल आणि तिच्यावर कृती होणार नाही. ‘फोन करा’ ही आज्ञा होईल. मराठीत या दोहोंच्या मधली वाट उपलब्ध आहे : विध्यर्थ. ‘मागवावा’, ‘मान्यता द्यावी’, ‘कळवावे’ या रूपांत आदर आणि स्पष्टता दोन्ही राहतात. त्यांना ‘कृपया’, ‘सविनय’, ‘नम्र विनंती की’ अशी तिहेरी जोड देण्याचे कारण नाही.

क्रमाच्या बाबतीत बोलणे उलटे करावे लागते. बोलणारा घटना घडल्या त्या ओघाने शेवटी मागणीपर्यंत येतो. वरिष्ठांच्या ई-मेलमध्ये आधी कशावर निर्णय हवा ते, मग त्याला आधार देणारी वस्तुस्थिती, आणि शेवटी अपडताळलेली माहिती. विषयाच्या ओळीत प्रश्न आणि मुदत दोन्ही असाव्यात, कारण मोबाइलवर पुष्कळदा तेवढीच ओळ प्रथम दिसते.

७.३.६ तयार मसुदा

प्रति : मा. सचिव
विषय : ओलावामापकांच्या वाचनांत तफावत – आज सायं. ५ पूर्वी निर्णय आवश्यक

मा. महोदय,

कापूस यार्डातील दोन ओलावामापक एकाच ढिगाचे वेगवेगळे वाचन दाखवत आहेत. यासंबंधी पुढील तीन बाबींवर आज, दि. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, सायं. ५ पूर्वी आपला निर्णय कळवावा.

१. पडताळणीसाठी जवळच्या बाजार समितीकडून एक मापक तात्पुरता मागवावा.
२. सकाळी जुन्या मापकाच्या वाचनावरून परत केलेल्या ७ गाड्यांच्या फेरतपासणीस मान्यता द्यावी.
३. तपासणी न झालेल्या गाड्या दवापासून बचावासाठी आज रात्री लिलाव शेडमध्ये उभ्या करण्यास परवानगी द्यावी.

वस्तुस्थिती (आज दु. २ पर्यंत) :
• एका ढिगाचे वाचन जुन्या मापकावर १४ टक्के, नव्या मापकावर ११.५ टक्के आले. त्या शेतकऱ्याने नाराजी व्यक्त केली. आणखी ३ ढिगांवर जुन्या मापकाचे वाचन सुमारे २ ते २.५ ने जास्त आले. बॅटरी बदलूनही फरक कायम आहे.
• कोणता मापक अचूक आहे हे अद्याप निश्चित झालेले नाही. जुना मापक दु. १२ पासून बंद ठेवला आहे.
• एकाच मापकावर काम सुरू असल्याने रांग हळू सरकत आहे. दु. २ वाजता ४२ गाड्या उभ्या होत्या.

पडताळणी न झालेली माहिती :
• मापाडी यांच्या म्हणण्यानुसार जुन्या मापकातील बिघाड दिवाळीपासून आहे.
• सायंकाळपर्यंत तपासणी न झाल्यास रस्ता अडवला जाईल, अशी चर्चा ऐकू आली. तिचा उगम समजलेला नाही.

आपला विश्वासू,
पर्यवेक्षक, कापूस यार्ड

हा मसुदा पर्यवेक्षकाच्या नावाने जाणार असल्याने पाठवण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावा. कॅलिब्रेशनचा तर्क यात घेतलेला नाही, कारण मापकाच्या कागदपत्रांतून त्याची शहानिशा करता येते. तारीख मिळाल्यावर ती स्वतंत्रपणे कळवावी. ‘बराबर आहे त्याचं’ हा अभिप्रायही गाळला आहे. शेतकऱ्याचे म्हणणे बरोबर होते का, हे पडताळणीनंतरच ठरेल. रस्ता अडवण्याची चर्चा मात्र गाळलेली नाही. ती ऐकीव असली, तरी तिची दखल घ्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार लेखनिकाचा नसून सचिवांचा आहे.

७.३.७ संक्षेप अती झाला तर

याच उताऱ्याचा हा दुसरा मसुदा पाहा :

“यार्डातील जुना ओलावामापक दिवाळीपासून नादुरुस्त आहे. त्यामुळे ६० गाड्या परत गेल्या असून शेतकरी आज सायंकाळी रस्ता रोको करणार आहेत. नवीन मापक तातडीने द्यावा.”

तीन वाक्ये, एकही शब्द अनावश्यक नाही, भाषा निर्दोष. तरीही वरिष्ठांपुढे ठेवण्यास हा मसुदा अयोग्य आहे. ‘नादुरुस्त आहे’ हा तर्क आणि ‘दिवाळीपासून’ ही मापाड्याची माहिती, दोन्ही येथे वस्तुस्थिती झाल्या आहेत. साठ हा आकडा चुकीचा आहे. ‘अडवणार म्हणे’ मधील ‘म्हणे’ गेल्यामुळे अफवेची पूर्वसूचना झाली आहे. उद्या चौकशीत ‘दिवाळीपासून माहीत होते, तर वापर का केला?’ असा प्रश्न आला, तर उत्तर पर्यवेक्षकाला द्यावे लागेल, आणि त्याने तर व्हॉइस नोटमध्ये ‘मले काही माहीत नव्हतं’ असे स्पष्ट सांगितले होते. शिवाय नवीन मापक मागितल्याने पडताळणीचा मूळ प्रश्न आणि सात गाड्यांची फेरतपासणी दोन्ही बाजूला पडतात.

आपला मसुदा असा झाला आहे का, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कोणाला, कसे कळले?’ असे मनात विचारा. उत्तर मसुद्यातच सापडले पाहिजे. ते केवळ मूळ उताऱ्यात सापडत असेल, तर संक्षेप करताना काहीतरी गळले आहे.

७.४ सारांश

बोलण्याचा उतारा ई-मेलमध्ये आणताना प्रथम बोलीची रूपे, संख्या आणि काळवाचक शब्द पडताळावेत. त्यानंतर विधाने पाहिलेले, ऐकलेले, तर्काने मांडलेले आणि मागितलेले या चार गटांत लावावीत. उणीव दिसल्यास बोलणाऱ्याला विचारावे. विनंती विध्यर्थात, सुरुवातीला आणि मुदतीसह मांडावी. ‘म्हणे’, ‘बहुतेक’, ‘-एक’ यांसारख्या खुणा गाळताना त्यांचा अर्थ अन्य शब्दांत टिकवावा.

७.५ स्वाध्याय

१. पुढील उतारा एका अंगणवाडी सेविकेच्या व्हॉइस नोटचा आहे. त्यावरून पर्यवेक्षिकेला ई-मेल लिहा.

“मॅडम, काल ते आहाराचे पोते आले नं, गाडीवाला पाच म्हणे, मी मोजले तं चारच. एक मागून येणार आहे म्हणे. त्यातलं एक खालून ओलं दिसते, उघडून नाही पाह्यलं मी. सही केली नाही अजून. ते ओलं वाटाव का नाही वाटाव, उद्याचं वाटप आहे नं.”

२. वरील उताऱ्यात ‘म्हणे’ दोनदा आला आहे. प्रत्येक वेळी बोलणारी व्यक्ती ज्ञात आहे का, ते सांगून त्याचे लेखी रूप द्या.

उत्तरासाठी दिशा : सेविकेला दोन बाबींवर निर्देश हवे आहेत, त्यांपैकी एक प्रश्नरूपाने आली आहे आणि दुसरी ‘सही केली नाही अजून’ या विधानात दडलेली आहे. दुसऱ्या बाबीची खात्री सेविकेला विचारून करावी लागेल. ‘पोते खालून ओले दिसते’ आणि ‘धान्य भिजले आहे’ या दोन विधानांत खात्रीचा जो फरक आहे, तो आपल्या ई-मेलमध्ये टिकला आहे का, हे तपासा. ‘काल’ आणि ‘उद्या’ यांच्या जागी दिनांक घालण्यास विसरू नका.